व्हिडिओ चार मिनिटांचा, काम तासाभराचं!

घरातली एखादी वस्तू दुरुस्त करून दाखवणारा कुठलाही व्हिडिओ उघडा आणि त्याच्या खालचं वर्णन पूर्ण वाचा. ‘आणखी’वर टॅप करून अगदी शेवटपर्यंत. काय सापडतं? इन्स्टाचं हँडल. पार्श्वसंगीत कुणाचं, त्याचं श्रेय. पंधरा-वीस हॅशटॅग. आणि बऱ्याचदा शूटिंगच्या सामानाची यादी: कॅमेरा कुठला, माइक कुठला, ट्रायपॉड कुठला, सगळं लिंकसकट. म्हणजे व्हिडिओ बनवायला काय काय लागलं ते तुम्हाला कळतं. पंखा दुरुस्त करायला काय लागेल, ते मात्र कळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. दुरुस्तीच्या व्हिडिओखाली चार गोष्टी लिहिलेल्या नसतील तर तो व्हिडिओ अपुरा आहे, मग त्याला व्ह्यूज कितीही असोत. कुठली साधनं लागतील, काय विकत आणावं लागेल, एकूण वेळ किती जाईल आणि जीव कुठे सांभाळायचा. या माहितीला मेटाडेटा म्हणतात, म्हणजे व्हिडिओबद्दलची माहिती. नाव कोरडं आहे, पण टेबलावर स्टूल ठेवून त्यावर उभ्या राहिलेल्या मुलासाठी ती अजिबात कोरडी नाही.

एकच उदाहरण घेऊ, आपल्या सगळ्यांच्या खोलीतलं. छताचा पंखा.

पंख्याचं दुखणं

पंखा पाचवर ठेवला तरी रडत फिरतो. किंवा नुसता ‘हूं’ असा आवाज करतो आणि काठीने ढकलल्यावर चालू होतो. अशा वेळी बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. पंख्याच्या मोटरीत तारांच्या दोन गुंडाळ्या असतात आणि मोटरीला सुरुवातीचा धक्का मिळण्यासाठी दुसऱ्या गुंडाळीत वीज थोडी वेगळ्या लयीत जावी लागते. ते काम कपॅसिटर करतो. जुना होत गेला की त्याची क्षमता उतरते आणि पंखा दमतो. नवा कपॅसिटर साधारण शंभर रुपयांच्या आत मिळतो. त्यामुळे रूम पार्टनर्सनी ‘वायरमन कशाला, व्हिडिओ बघून करू’ असं ठरवणं अगदी स्वाभाविक आहे आणि त्यात चूक काही नाही.

आता समजा, तुम्हाला यावरचा चार मिनिटांचा व्हिडिओ सापडला. त्यातला दादा म्हणतो, ‘पहिल्यांदा मेन स्विच बंद करा.’ पुढच्या क्षणी तो वर चढलेला असतो, दोन तारा काढतो, दोन जोडतो आणि पंखा भन्नाट फिरायला लागतो. व्हिडिओत खोटं काहीच नाही. पण त्याच्या खाली काय लिहिलेलं असायला हवं होतं, ते एकेक करून बघू.

साधनं आणि साहित्य, दोन वेगळ्या याद्या

काम झाल्यावर जे तुमच्याकडे उरतं ते साधन, आणि जे पंख्यातच राहतं किंवा संपतं ते साहित्य. हा फरक पुस्तकी वाटेल, पण सोयीचा आहे. साधनं शेजारून मागून आणता येतात, साहित्य दुकानातून आणावं लागतं. दोन याद्या वेगळ्या असल्या की कुणाकडे जायचं हे आधीच ठरतं.

पंख्यासाठी साधनं म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, तार कापायला आणि सोलायला पक्कड किंवा कटर, टॉर्च आणि घोडा. घोडा म्हणजे चार पायांवर उभी राहणारी शिडी. टेबल, त्यावर स्टूल, त्यावर आपण, असा मनोरा चालणार नाही, हे यादीतच लिहायला हवं. आणि यादीत आणखी एक गोष्ट हवी, जी कुणीच लिहीत नाही: खाली उभा राहणारा दुसरा माणूस. तो घोडा धरतो, स्क्रू घेतो आणि मुख्य म्हणजे कुणी येऊन बटण दाबणार नाही यावर लक्ष ठेवतो.

साहित्यात कपॅसिटर आणि इन्सुलेशन टेप. पण नुसतं ‘कपॅसिटर’ लिहून भागत नाही. छताच्या साध्या पंख्यांत बहुतेकदा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, पण सगळ्यांत तोच असतो असं नाही. आकडा जुन्या कपॅसिटरच्या अंगावरच छापलेला असतो, पुढे µF अशी खूण असते. म्हणून वर्णनात लिहायचं ते असं: ‘जुन्यावर जो आकडा असेल तोच आणा, व्होल्टेजचा आकडाही जुन्यापेक्षा कमी नको.’ हे नसलं की काय होतं? दुकानात मोठ्या आकड्याचा तुकडा मिळतो आणि आपल्याला वाटतं, मोठा म्हणजे जास्त जोरदार. पंखा कदाचित जोरातही फिरेल, पण गुंडाळीत गरजेपेक्षा जास्त वीज जाऊन ती तापत राहील. शंभर रुपये वाचवायला गेलो आणि मोटर जाळली, असा हिशोब होतो.

याच जागी एक ओळ हवी, ‘हा व्हिडिओ कशासाठी नाही.’ हल्ली बऱ्याच घरांत रिमोटवर चालणारे बीएलडीसी पंखे आले आहेत. त्यांच्यात हा असा बदलायचा कपॅसिटर नसतो, सर्किट असतं. त्या पंख्याची वाटी उघडून कपॅसिटर शोधत बसलेल्याला ही एक ओळ वर चढण्याआधीच मिळायला हवी होती.

वेळ कुठला धरायचा?

व्हिडिओची लांबी म्हणजे कामाचा वेळ नव्हे, हे आपल्याला तत्त्वतः माहीत असतं. तरीही कोपऱ्यात ४:१२ दिसलं की ‘पटकन होईल’ असंच मनात येतं. मग लेक्चरला निघायच्या आधी किंवा जेवण झाल्यावर रात्री दहाला काम काढलं जातं.

हिशोब करून बघा. सामान गोळा करणं दहा मिनिटं. वीज बंद करणं आणि ती खरंच बंद झाली का हे तपासणं दहा मिनिटं. दांडीवरची वाटी सैल करून खाली सरकवणं, आत काय कुठे जोडलंय याचा फोटो काढणं, जुना कपॅसिटर काढून नवा त्याच दोन तारांवर जोडणं, टेप लावणं, हे पहिल्यांदा करणाऱ्याला पंचवीस मिनिटं. वाटी परत बसवून, चालू करून बघायला दहा मिनिटं. झाली पंचावन्न मिनिटं. त्यात दुकानाची फेरी धरलेली नाही आणि ती काम अर्धवट उघडं टाकून मारावी लागू शकते, कारण जुना आकडा वाटी उघडल्यावरच दिसतो. सरावलेला वायरमन हेच काम पाव तासात उरकेल. म्हणून वर्णनात एक आकडा पुरत नाही. ‘पहिल्यांदा करत असाल तर एक तास, दुकान वेगळं’ असं स्पष्ट लिहावं.

आणि वेळ लिहायला बसलं की एक गंमत लक्षात येते. काम करताना वीज बंद असणार, म्हणजे खोलीतला दिवाही बंद असणार. रात्री हे काम टॉर्चच्या उजेडात, मान वर करून, घोड्यावर उभं राहून करावं लागेल. म्हणून वेळेच्या ओळीत ‘किती’सोबत ‘केव्हा’ही हवं: दिवसाउजेडी. इथे वेळेची ओळ आपोआप सावधगिरीची ओळ होते.

ज्याला खण नाही, ती गोष्ट

यंत्रांनाही ही माहिती वाचता यावी म्हणून शब्दांचा एक ठरलेला साचा आहे. schema.org या नावाने तो ओळखला जातो आणि ‘कसं करायचं’ प्रकारच्या मजकुरासाठी त्यात HowTo नावाचा प्रकार आहे. त्यात साधनांसाठी tool, साहित्यासाठी supply, एकूण वेळेसाठी totalTime, इतकंच काय अंदाजे खर्चासाठी estimatedCost असे खण आहेत. सावधगिरीसाठी मात्र वेगळा खण नाही. सूचना म्हणून HowToTip आहे, पण टिप म्हणजे ‘असं केलंत तर सोपं जाईल’. ‘असं केलं नाहीत तर मराल’ याला टिप म्हणत नाहीत. २०२३ मध्ये गुगलने शोधाच्या निकालांत हे HowTo ठळकपणे दाखवणंही बंद केलं. म्हणजे साधनांना जागा होती, वेळेला जागा होती, धोक्याला आधीपासूनच नव्हती. साच्यात खण नसला की भरणाऱ्यालाही आठवण होत नाही, आणि मग सावधगिरी जिथे जागा सापडेल तिथे जाऊन पडते. बहुधा अगदी तळाला, ‘हे काम स्वतःच्या जबाबदारीवर करा’ या रूपात.

आता हे वाक्य जरा नीट वाचा. त्यातून तुम्हाला काय करायचं ते कळलं? नाही. ते वाक्य व्हिडिओ बनवणाऱ्याला वाचवतं, बघणाऱ्याला नाही. त्याला डिस्क्लेमर म्हणतात. सावधगिरीची सूचना वेगळी असते. तिच्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: धोका कुठला, त्याने काय होईल आणि तो टाळायला काय करायचं.

पंख्याच्या व्हिडिओतल्या ‘मेन स्विच बंद करा’ या वाक्याला ही कसोटी लावा. कशाने काय होईल, हे त्यात नाही. आणि जे करायला सांगितलंय, तेही अपुरं आहे. का? कारण आपल्याकडे कित्येक घरांत इन्व्हर्टर असतो. भारनियमनाच्या दिवसांत बसवलेला, आणि मुख्यतः पंखे-दिव्यांसाठीच. तुम्ही मेन बंद करता तेव्हा इन्व्हर्टरला वाटतं, लाइट गेली. मग तो आपलं काम चोख करतो आणि बॅटरीतून पंख्याच्या तारांमध्ये वीज सोडतो. म्हणजे तुम्ही सूचना तंतोतंत पाळली आणि तरीही तारेत वीज आहे. ‘लाइट गेलीच आहे, तोवर उरकून घेऊ’ हाही त्याच जातीचा धोका. ती परत कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

दुसरी अर्धवट सूचना म्हणजे ‘बटण बंद करा’. वायरिंग नीट असेल तर बटण फेजची तार तोडतं. पण जुन्या किंवा घाईत केलेल्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. तेव्हा पंखा थांबतो, पण फेज पंख्यापर्यंत पोचलेलाच असतो. म्हणून बटणावर थांबायचं नाही. एमसीबी पाडायचा, इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करायचं आणि मग टेस्टरने तपासायचं.

टेस्टरचंही एक आहे. तो पेटला नाही, याचे दोन अर्थ होतात: वीज नाही किंवा टेस्टर बिघडलाय. भर उजेडात तर पेटलेला बारीक दिवाही पटकन दिसत नाही. उपाय सोपा आहे. एमसीबी पाडण्याआधी चालू सॉकेटवर टेस्टर लावून तो पेटतो याची खात्री करा. मग पंख्याच्या प्रत्येक तारेवर लावा. आणि शेवटी ज्यात वीज चालू आहे अशा दुसऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ बंद न केलेल्या खोलीतल्या सॉकेटवर, पुन्हा लावून बघा. दोन्ही वेळा पेटला आणि मधे नाही पेटला, तरच ‘वीज नाही’ म्हणायला काही आधार आहे. खात्री वाटत नसेल तर हात लावायचा नाही.

कपॅसिटरमध्येही थोडी वीज साठून राहू शकते. सहसा ती पंख्याच्या गुंडाळीतूनच निघून जाते, पण आत एखादी जोडणी तुटलेली असेल तर राहते. म्हणून त्याच्या दोन उघड्या टोकांना एकदम हात लावायचा नाही. हा झटका बहुधा छोटा असेल. पण घोड्यावर असताना छोटा झटकाही माणसाला दचकवून खाली पाडायला पुरतो, आणि खरी इजा पडण्याने होते.

मग खाली लिहायचं काय?

एवढं सगळं वर्णनात ओतलं तर कुणी वाचणार नाही, हे मान्य. म्हणून ते असं आवळता येईल:

सावधान: शॉक लागून जीव जाऊ शकतो. एमसीबी पाडा, इन्व्हर्टर असेल तर त्याचं आउटपुटही बंद करा, टेस्टरने तपासल्यावरच तारेला हात लावा.
कशासाठी: हळू फिरणारा किंवा ढकलल्यावर सुरू होणारा साधा पंखा. रिमोटच्या बीएलडीसी पंख्यासाठी नाही.
साधनं: घोडा, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, खाली उभा दुसरा माणूस.
साहित्य: जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच कपॅसिटर, इन्सुलेशन टेप.
वेळ: पहिल्यांदा एक तास, दिवसा. दुकानाची फेरी वेगळी.
इथे थांबा: तारांचं आवरण जळालेलं किंवा हात लावताच तुटत असेल, हूक हलत असेल, दांडीतली पिन नसेल, तर वायरमनला बोलवा.

सहा ओळी. ‘सावधान’ पहिली ठेवलीय, कारण यूट्यूबवर वर्णन घडी घातलेलं असतं आणि न उघडता सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. ‘इथे थांबा’ शेवटी, कारण ती वाटी उघडल्यावर लागते. शिवाय व्हिडिओचे टप्पे पाडता येतात. वर्णनात ००:०० पासून वेळा लिहिल्या की, किमान तीन टप्पे आणि प्रत्येक दहा सेकंदांचा तरी असेल तर, यूट्यूब ते पट्टीवर दाखवतं. त्यातल्या एका टप्प्याचं नावच ‘वीज बंद आहे का, तपासा’ असं ठेवा. पुढे उडी मारणाऱ्यालाही ते नाव दिसेल.

यावर माझ्याच वर्गातले मित्र म्हणतात की वर्णन कुणी वाचत नाही, आणि पहिलीच ओळ ‘जीव जाऊ शकतो’ असेल तर लोक व्हिडिओ सोडून जातात. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच इन्व्हर्टरचं वाक्य तोंडानेही बोलायला हवं, आणि तेही तारेला हात लावण्याच्या आधीच्या शॉटमध्ये. पण दुकानात उभं असताना कुणी व्हिडिओ पुढेमागे करत बसत नाही, यादीच बघतो. आणि दुसऱ्या आक्षेपाचं म्हणाल, तर ‘जीव जाऊ शकतो’ वाचून जो निघून गेला, तो वायरमनला फोन करेल. चॅनेलचा एक व्ह्यू गेला, एवढंच. पंख्याच्या बाबतीत हा सौदा मला महाग वाटत नाही.

एक धोका मात्र खरा आहे. सगळ्याच व्हिडिओंवर लाल अक्षरांत ‘सावधान’ लिहिलं की त्याची किंमत जाते. नळाचा वायसर बदलताना आधी कॉक बंद केला नाही तर घरभर पाणी होईल, कपडे भिजतील, बस. तिथे जीव जाण्याची भाषा वापरली तर पंख्यापाशी वापरायला शब्दच उरत नाहीत. अमेरिकेत सूचनाफलकांसाठी एएनएसआय झेड-५३५ हे मानक आहे, त्यात यासाठी पायऱ्याच ठरवल्या आहेत. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तिथे ‘डेंजर’. होऊ शकते, तिथे ‘वॉर्निंग’. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, तिथे ‘कॉशन’. आपणही मराठीत दोन पायऱ्या तरी पाळू शकतो: जिवाचा प्रश्न असेल तिथे ‘सावधान’, बाकी ठिकाणी ‘जपून’.

तुमच्यापैकी अनेक जण व्हिडिओ बनवता. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, चॅनेलसाठी, नाहीतर गावाकडे काकांना समजावं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला. पुढच्या दुरुस्तीच्या व्हिडिओला या सहा ओळी शूटिंगच्या आधी लिहून बघा. लिहिताना ‘पण घरात इन्व्हर्टर असेल तर?’ हा प्रश्न तुम्हालाच पडेल, आणि मग तो शॉट घ्यायचा राहणार नाही. शूटिंगनंतर लिहिलंत तर तो प्रश्न पडूनही उपयोग नाही.

आणि जे फक्त बघता, त्यांच्यासाठी: घोडा उघडण्याआधी वर्णन उघडा. तिथे ट्रायपॉडची लिंक असेल आणि टेस्टरचा उल्लेख नसेल, तर कमेंटमध्ये एकच प्रश्न टाका, ‘दादा, घरात इन्व्हर्टर आहे, काय करू?’ उत्तर येईपर्यंत पंखा हळूच फिरू दे.